उत्तरायणात पोळलेला भांग: विरळ केसांखालची त्वचा उन्हापासून कशी जपावी

उत्तरायण, म्हणजे आमच्या बडोद्याची पतंगांची संक्रांत, सरली की तीन-चार दिवसांत माझ्या औषधाच्या दुकानात कोंड्याचा शाम्पू मागायला बायका येऊ लागतात. बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या. भांगातून पांढरे पापुद्रे निघतायत, खाज येतेय, कंगवा लावला की दुखतं, असं सांगतात. यातल्या बऱ्याच जणींना कोंडा झालेला नसतो. चौदा तारखेला दिवसभर गच्चीवर उभं राहून त्यांचा भांग उन्हाने पोळलेला असतो. केस दाट होते तोवर हे कधी झालं नव्हतं, म्हणून तो संशयच त्यांच्या मनात येत नाही.

बडोद्यात भांग उन्हात राहण्याचे प्रसंग वर्षभर येतात. कामाठीबागेतला सकाळचा फेरफटका लांबतो, चैत्रात गच्चीवर कुरडया घातल्या जातात, पावागडच्या पायऱ्या चढायच्या असतात. पण सगळ्यात जास्त फसवतं ते उत्तरायणाचं ऊन. म्हणून तेच धरून लिहिते. त्यातलं जमलं की बाकीच्या दिवसांना फार वेगळं काही करावं लागत नाही.

गार वाऱ्यात भांग का पोळतो

त्वचा पोळते ती उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि ते किरण अंगाला जाणवत नाहीत. जाणवते ती उष्णता. जानेवारीत हवा गार असते, वारा सुटलेला असतो, त्यामुळे आपल्याला लागतंय हे कळत नाही. मे महिन्यात दहा मिनिटांत डोकं तापतं आणि आपण आपसूक सावलीत जातो. उत्तरायणात मात्र सकाळी दहाला चढलेला माणूस उंधियू-जिलेबी गच्चीवरच खातो आणि संध्याकाळीच खाली उतरतो.

जानेवारीचं ऊन मेपेक्षा सौम्य असतं हे खरं. १४ जानेवारीला बडोद्यात सूर्य सर्वांत वर येतो तो दुपारी पाऊणच्या सुमारास, आणि तेव्हाही तो अर्ध्या आभाळापर्यंतच चढलेला असतो. त्या वेळी आपली सावली जवळजवळ आपल्या उंचीइतकी पडते. पण त्वचेला हिशोब लागतो तो उन्हाचा जोर आणि वेळ या दोहोंचा मिळून. मधल्या जोराचं ऊन सहा तास घेतलं तर ते भर उन्हातल्या अर्ध्या-पाऊण तासापेक्षा कमी ठरत नाही.

त्यात सूर्याच्या दिशेची भर पडते. वारा उत्तरेकडचा असला की पतंग दक्षिणेकडे जातो, आणि जानेवारीत दुपारचा सूर्यही दक्षिणेलाच, अर्ध्यावर असतो. पतंगाकडे तोंड करून उभं राहिलं की कपाळाच्या वरचा भाग, म्हणजे भांगाची पुढची पाच-सहा सेंटीमीटर, बरोबर सूर्यासमोर येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच सूर्य बडोद्यात दुपारी थेट डोक्यावर असतो, तेव्हा पोळतो तो टाळूकडचा भाग. त्यामुळे भांग नेमका कुठे पोळलाय हे पाहिलं तर ऊन कुठून लागलं ते समजतं.

राहिला केसांचा भाग. दाट केस डोक्याला चांगली सावली देतात. बायकांच्या वयोमानाच्या केसगळतीत कपाळाची रेघ बहुधा तशीच राहते आणि मधला भांग रुंदावत जातो. बऱ्याचदा तो पुढे रुंद आणि टाळूकडे निमुळता असा होतो, म्हणजे जिथे ऊन समोरून येतं तिथेच त्वचा जास्त उघडी पडते. शिवाय वर्षानुवर्षं भांग एकाच जागी पाडला की तीच पट्टी रोज उन्हात राहते. एक गैरसमज इथेच दूर करते. उन्हाने भांग रुंदावत नाही. तो रुंदावलेला असतो म्हणून पोळतो.

पोळलंय, कोंडा आहे, की डायची ॲलर्जी?

गोऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती दिसेलच असं नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवावा. ऊन लागल्यावर तीन ते सहा तासांत भांग गरम आणि ताणल्यासारखा वाटू लागतो. अंघोळीचं कोमट पाणीही चटका देतं, उशीला डोकं टेकवलं की हुळहुळतं. त्रास दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. चौथ्या दिवसाच्या आसपास साल सुटायला लागतं आणि भांगाची त्वचा काही आठवडे आजूबाजूपेक्षा काळपट दिसू शकते.

घोटाळा होतो तो सालं सुटू लागल्यावर. ओळखायची रीत अशी. आरशासमोर बसून शेपटीच्या कंगव्याने नेहमीच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना, दोन-दोन बोटांवर, नवे भांग पाडून पाहावेत. पापुद्रे फक्त जुन्या भांगातच असतील, मोठे, पातळ, कागदासारखे असतील, आणि कपाळाचा वरचा भाग किंवा कानांच्या कडाही सोलवटल्या असतील, तर ते उन्हाचंच काम. कोंडा एका रेघेत राहत नाही. तो कानामागे, मागच्या बाजूला, भुवयांतसुद्धा सापडतो, बारीक आणि पुष्कळदा तेलकट असतो, आणि उत्तरायणाच्या आधीपासून थोडाफार असतोच. तिसरी शक्यता डायची. सणाच्या आधी केस रंगवले जातात, आणि डायची ॲलर्जी एक-दोन दिवसांत उठते. तिच्यात खाज दुखण्यापेक्षा जास्त असते आणि ती भांगापुरती न राहता कपाळाची कड, कान, मान इथे पसरते. पापण्या सुजल्या तर डायचा संशय पक्का धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

एका काकूंचं उदाहरण सांगते, कारण त्यात सगळ्या पायऱ्या येतात. वय अठ्ठावन्न, दांडिया बाजारात राहतात, मधला भांग आणि अंबाडा ही त्यांची कायमची ठेवण. उत्तरायणाच्या दिवशी डोक्याला खोबरेल लावून दहाच्या सुमारास गच्चीवर गेल्या. नातवाची फिरकी धरून दुपारी चारपर्यंत तिथेच होत्या. रात्री डोकं हुळहुळलं, ते त्यांनी थकव्यावर घातलं. चार दिवसांनी पापुद्रे दिसले तेव्हा कोंडा समजून लिंबाचा रस चोळला आणि केस वाळवायला पुन्हा उन्हात बसल्या. दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, चांगला कडक शाम्पू द्या, कोंडा फारच झालाय."

मी त्यांना बाकावर बसवून केस बाजूला करून पाहिले. पापुद्रे भांगाच्या पुढच्या सहा-सात सेंटीमीटरमध्येच होते, खालची त्वचा लालसर आणि ओलसर, कपाळाच्या वरची पट्टी सोललेली. कानामागे, मानेवर काही नाही.

"काकू, हा कोंडा नाही. ऊन लागलंय."

"जानेवारीत?" त्यांना पटेना. कपाळावरचं साल आरशात दाखवलं तेव्हा पटलं.

लिंबाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कोंड्यावरचा हा आपल्याकडचा घरोघरीचा उपाय आहे. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन पडलं तर त्वचा जास्तच पोळते आणि काळे डाग पडतात. आधीच भाजलेल्या भांगाला लिंबू लावून उन्हात बसणं यापेक्षा वाईट उपाय मला माहीत नाही.

पोळल्यावर पहिला आठवडा

लक्षात येताच उन्हातून आत यावं. साध्या गार पाण्यात सुती कापड भिजवून भांगावर दहा-पंधरा मिनिटं ठेवावं, आणि दिवसातून चार-पाच वेळा तसंच करावं. बर्फ थेट लावू नये, भाजलेल्या त्वचेला त्याने आणखी इजा होते. फार दुखत असेल तर जेवणानंतर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी पुरते. आयबुप्रोफेनने सूजही कमी होते, पण आम्लपित्त, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती स्वतःहून घेऊ नये. त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावं.

पहिल्या दिवशी तेल किंवा पेट्रोलियम जेली नको, त्यांनी उष्णता आत कोंडते. दुसऱ्या दिवसापासून बिनवासाचं, पातळ मॉइश्चरायझर लोशन किंवा कोरफडीचं साधं जेल बोटाने भांगावर टेकवत लावावं, चोळू नये. घरच्या कोरफडीचा गर वापरायचा तर कापल्यावर निघणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, तो झोंबतो. केस धुवायचे तर कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू. कोंड्याचे औषधी शाम्पू, डाय, मेंदी, हेअर ड्रायर, गरम तेलाची मालिश हे सगळं साल पूर्ण जाऊन त्वचा गुळगुळीत होईपर्यंत बंद ठेवावं. सुटलेलं साल नखाने ओढू नये. त्याबरोबर विरळ झालेले केसही येतात आणि खालची कच्ची त्वचा उघडी पडते.

केस विरळ झाल्यामुळे तुम्ही मिनॉक्सिडिल लावत असाल तर इकडे नीट लक्ष द्या. लाल, सोललेल्या किंवा दुखऱ्या त्वचेवर ते लावायचं नसतं. भाजलेल्या त्वचेतून औषध जास्त प्रमाणात रक्तात जातं आणि छातीत धडधड, चक्कर असे त्रास होऊ शकतात. शिवाय द्रावणातलं अल्कोहोल भयंकर झोंबतं. त्वचा बरी होईपर्यंत थांबावं. आठवडाभराच्या खंडाने केलेलं वाया जात नाही, पण थांबल्याचं तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालावं.

फोड आले, ताप किंवा उलट्या झाल्या, कपाळ-डोळ्यांभोवती सूज आली, किंवा भांगातून पू येऊ लागला तर घरी उपचार करत बसू नये. काकूंना यातलं काही नव्हतं, फक्त लिंबामुळे एका जागी ओल आली होती. ती सुकल्यावर साध्या लोशनने दहा-बारा दिवसांत त्वचा पूर्ववत झाली. काळपटपणा जायला मात्र होळी उजाडली.

आधी कापड, मग सनस्क्रीन

भांगासाठी सनस्क्रीनपेक्षा कापडावर माझा जास्त भर आहे. कापड घामाने वाहून जात नाही, दर दोन तासांनी लावावं लागत नाही, आणि केसांच्या मुळांशी पोचलं की नाही हा प्रश्न येत नाही. कापड कमी पडेल तिथेच सनस्क्रीन घ्यावं.

पण कापड कुठलं, हे पाहावं लागतं. बांधणीची जॉर्जेटची ओढणी किंवा शिफॉनचा पदर डोक्यावर घेतला की सावली झाल्यासारखी वाटते, पण त्या विरळ विणीतून ऊन बरंचसं आत येतं. तपासायची सोपी रीत म्हणजे कापड ताणून खिडकीसमोर किंवा पेटलेल्या बल्बसमोर धरायचं. त्यातून उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढं ऊनही आत येणार. दाट विणीचं पॉपलिन किंवा जाड खादी चांगली, आणि पातळ सुती असेल तर दुहेरी घडी करावी. गडद रंग फिक्या रंगापेक्षा जास्त अडवतो. घामाने भिजलेलं सुती कापड कोरड्यापेक्षा कमी अडवतं, म्हणून दिवसभरासाठी दुसरा रुमाल जवळ असावा.

टोपीची कड चारी बाजूंनी निदान साडेसात सेंटीमीटर असावी, म्हणजे चार बोटं भरतील एवढी. तिने कपाळ, कान, मानही झाकली जाते. गवताच्या विणलेल्या टोप्या छान दिसतात, पण बऱ्याच टोप्यांत मोठी भोकं असतात, तीही उजेडासमोर धरून पाहावी. फक्त पुढे कड असलेला, वरून उघडा व्हायझर भांगासाठी काहीच कामाचा नाही. क्रिकेटची टोपी भांग झाकते, पण मागच्या पट्ट्याजवळची खाच आणि जाळीचा मागचा भाग टाळू उघडी ठेवतात. ती विकत घेताना आत हात घालून उजेडात पाहावं.

आता उत्तरायणाची खास अडचण. रुंद कडेची टोपी पतंग उडवताना टिकत नाही. मान मागे टाकली की ती मागे घसरते, वाऱ्यात उडते, आणि कड नजरेआड येते, त्यामुळे अर्ध्या तासात ती कठड्यावर काढून ठेवली जाते. म्हणून त्या दिवशी मी मोठ्या सुती रुमालाचाच सल्ला देते. साधारण ७० सेंटीमीटरचा चौकोनी रुमाल मंगळ बाजारात सहज मिळतो. त्याची तिरकी घडी घालून त्रिकोण केला की कापड आपोआप दुहेरी होतं. लांब कड कपाळावर, केसांच्या रेघेच्या बोटभर खाली आणायची, दोन टोकं मानेच्या मागे अंबाड्याखाली बांधायची आणि तिसरं टोक गाठीत खोचायचं. दोन्ही कानांच्या वर एकेक काळी पिन लावली की मान कितीही मागे टाकली तरी तो सरकत नाही. गाठ इतकीच घट्ट असावी की खाली एक बोट सहज जाईल. रोज घट्ट बांधलेल्या केसांनी कडेचे केस ओढले जाऊन गळतात, तेव्हा रुमालासाठी आंबाडा आवळून बांधू नये. टोपी-रुमालाने केस गळतात ही भीती मात्र काढून टाका, त्याने टक्कल पडत नाही. घामट कापड रोज धुवावं एवढंच.

फक्त खालून गच्चीवरची मजा बघत बसायचं असेल तर रुंद कडेची टोपीच घ्यावी. आणि स्कूटरवर हेल्मेट भांग पूर्ण झाकतं, तिथे आणखी काही लागत नाही.

भांगात सनस्क्रीन लावायची रीत

टोपी काढावी लागणार असेल, किंवा लग्न-मुंजीच्या मांडवात रुमाल बांधता येणार नसेल, तर सनस्क्रीन हवंच. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि पीए+++ असं लिहिलेलं घ्यावं. एसपीएफचा आकडा मुख्यतः पोळवणाऱ्या किरणांविषयी असतो, पीएची चिन्हं काळवंडवणाऱ्या किरणांविषयी. मुदतीची तारीख पाहावी, आणि गाडीच्या डिकीत उन्हात तापलेली बाटली वापरू नये.

चेहऱ्याचं घट्ट क्रीम भांगात लावलं की केस चिकटतात, पांढरी रेघ दिसते, आणि मग माणूस पुन्हा लावत नाही. भांगासाठी पाण्यासारखं पातळ फ्लुइड किंवा जेल उत्तम, तेही टोकदार नळीच्या बाटलीत असेल तर फारच सोयीचं. स्प्रे सोपा वाटतो, पण बराचसा केसांवर आणि हवेत जातो. वापरायचाच तर श्वास रोखून, जवळून मारावा आणि बोटाने भांगावर पसरवावा. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसजवळ मारू नये. भांगावर थापायची सनस्क्रीन पावडर मिळते, पण पुरेसा थर बसेल इतकी ती कोणी लावत नाही. वरून भर घालायला ती ठीक, एकटीवर विसंबू नये. केसांसाठीचं 'यूव्ही' सीरम केसाच्या काडीसाठी असतं, त्वचेला त्याचा आधार धरू नये. खोबरेलाचंही तेच, ते सनस्क्रीन नव्हे.

किती लावायचं याचा हिशोब एकदा करून ठेवला की अंदाज पक्का होतो. बाटलीवरचा एसपीएफ मिळतो तो चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या थराने. काकूंचा भांग कपाळापासून टाळूपर्यंत १३ सेंटीमीटर लांब, आणि दोन्ही बाजूंची विरळ पट्टी धरून २ सेंटीमीटर रुंद भरला. म्हणजे २६ चौरस सेंटीमीटर, आणि त्याला ५२ मिलिग्रॅम. पातळ सनस्क्रीनचा हा एखादा मोठा थेंब होतो. केसांना लागून काही वाया जातं, म्हणून तीन-चार थेंब घ्यावेत. तेव्हा खर्चाची काळजी नको. अडचण असते ती हे थेंब केसांवर न राहता त्वचेपर्यंत पोचवण्याची.

त्यासाठी घरातून निघण्याच्या वीस मिनिटं आधी बसावं. भांगात तेल नसावं, कारण तेलावर सनस्क्रीन घसरतं आणि घामाबरोबर कपाळावर उतरतं. कोरड्या केसांत शेपटीच्या कंगव्याने भांग सरळ पाडून दोन्ही बाजूंचे केस पिनांनी दूर धरावेत. नळीचं टोक त्वचेला टेकवून पुढून मागे रेघ ओढावी, आणि तर्जनीच्या टोकाने दाबत दाबत पुढे जावं. आडवं फासलं की सगळं केसांना लागतं. पाच मिनिटं सुकू द्यावं आणि तशीच दुसरी रेघ ओढावी. भांगाच्या दोन्ही बाजूंना अर्धा बोट अंतरावर नवी रेघ पाडून तिथेही एकेक थेंब टेकवावा, कारण केस विरळ असले की वाऱ्याने भांग सरकतो. कपाळाच्या लगतच्या दोन बोटांत पातळ फ्लुइडऐवजी स्टिक वापरलेली बरी, ती घामाने डोळ्यांत उतरत नाही. कान आणि मान विसरू नये. सनस्क्रीन पहिल्यांदाच वापरत असाल तर आदल्या दिवशी कानामागे थोडं लावून पाहावं.

भांग झाकायला रंगीत हेअर फायबर वापरत असाल तर आधी सनस्क्रीन, ते पूर्ण सुकल्यावर फायबर. ओल्यावर टाकले तर गुठळ्या होतात. मिनॉक्सिडिल सकाळी लावत असाल तर ते आधी लावून पूर्ण सुकू द्यावं, सनस्क्रीन नंतर. डॉक्टरांनी दिवसातून एकदाच सांगितलं असेल तर ती वेळ रात्रीची करता येईल का, हे त्यांना विचारावं, म्हणजे सकाळ मोकळी राहते.

बाहेर असेपर्यंत दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच, पुन्हा लावावं लागतं. हे बहुतेकांकडून होत नाही, म्हणूनच मी आधी कापड म्हटलं. रात्री सौम्य शाम्पूने धुऊन टाकावं, मुळांशी साठलेल्या थराने खाज येते.

भांगाची जागा बदलताना

भांग रुंदावला की बाजूला पाडावा किंवा नागमोडी पाडावा असं पार्लरमध्ये सांगतात, आणि ते बरोबर आहे. नागमोडी भांगात त्वचेची सलग रेघ उघडी राहत नाही. मात्र नव्या जागेच्या त्वचेने कधी ऊन पाहिलेलं नसतं, ती जुन्या भांगापेक्षा लवकर पोळते. म्हणून हा बदल सणाच्या सकाळी करू नये. दोन-तीन आठवडे आधी, घरात वावरताना सुरुवात करावी, आणि पहिले काही दिवस बाहेर जाताना नवा भांग झाकूनच ठेवावा.

काकूंचा पुढच्या उत्तरायणाचा दिवस

यंदा त्यांनी आदल्या रात्री केस धुतले आणि तेल लावलं नाही. सकाळी साडेनऊला भांगात वर सांगितल्याप्रमाणे सनस्क्रीनच्या दोन रेघा, कपाळाला स्टिक, चेहरा-कान-मानेला नेहमीचं लोशन. दहाला दुहेरी रुमाल बांधून गच्चीवर. रुमालाखाली सनस्क्रीनची खरं तर गरज नव्हती, पण फोटोसाठी रुमाल निघणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून लावलं. बाराच्या सुमारास जेवायला खाली उतरल्या आणि दोन वाजता पुन्हा वर गेल्या. हा मधला वेळ सर्वांत महत्त्वाचा, कारण बडोद्याचा सूर्य घड्याळातल्या बाराला नव्हे, पाऊणच्या सुमारास सर्वांत वर येतो, त्यामुळे दोन वाजताचं ऊनही बऱ्यापैकी कडक असतं. वर जाताना रुमाल बदलला आणि कपाळ-मानेला पुन्हा लोशन लावलं. फिरकी धरताना पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या राहिल्या. संध्याकाळी डोकं हुळहुळलं नाही, दुसऱ्या दिवशी वाशी उत्तरायणालाही त्या वर होत्या.

मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स दिसतो. तो ३ किंवा जास्त असेल तर भांग झाकायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. बडोद्यात जानेवारीच्या दुपारीही तो ३ च्या वर असतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची वाळवणं सकाळी साडेनऊच्या आत घालून खाली यावं आणि उचलायला चारनंतर जावं.

डॉक्टरांना काय दाखवावं

काही औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते. डॉक्सिसायक्लिन हे त्यातलं नेहमीचं नाव, आणि रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत असणारं हायड्रोक्लोरोथायाझाइडही त्यातच येतं. थोड्याच उन्हात भांग पोळला असेल तर चालू गोळ्यांची पट्टी औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना दाखवावी. गोळी मनाने बंद करू नये.

भांग रुंदावण्याचं कारणही एकदा शोधून घ्यावं. एकाच जागी, एकाच उजेडात, कोरड्या केसांचा वरून फोटो काढावा आणि तीन महिन्यांनी तसाच दुसरा काढावा. फरक दिसला तर दोन्ही फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. ते बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगतील. मोठ्या तापानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठी-मुठीने केस गळत असतील तर तो वेगळा प्रकार आहे आणि बहुतेक वेळा आपोआप भरून येतो. काकूंच्या रक्तात लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या आणि रात्रीचं मिनॉक्सिडिल सध्या चालू आहे.

भांगात किंवा टाळूवर खरखरीत, खपली धरणारा डाग महिनाभरात गेला नाही, बरा होऊन पुन्हा पुन्हा आला, किंवा कंगवा लागताच त्यातून रक्त आलं, तर तो उन्हाचा साधा चटका समजून वाट पाहू नये. आपल्या त्वचेत उन्हामुळे होणारे कर्करोग कमी आढळतात, पण वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या टाळूवर ते होऊ शकतात. हे पुरुषांच्या टकलालाही लागू आहे. भांग स्वतःला दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा घरातल्या कोणाला तरी चांगल्या उजेडात केस बाजूला करून पाहायला सांगावं, आणि काही दिसलं तर त्याच वेळी फोटो काढून ठेवावा.